दुसरीकडची ऑफर साहेबांच्या कानावर कशी घालायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत क्वालिटीला बरीच वर्षं काढली, आधी ऑफर घेऊन साहेबांसमोर उभा राहणारा मी होतो, आता पोरं माझ्यासमोर येऊन उभी राहतात. दोन्हीकडनं बघितलंय म्हणून हे लिहितोय. फौंड्री, मशीन शॉप, गोकुळ शिरगाव नायतर कागलकडच्या कंपन्या, म्हणजे जिथं साहेब आणि त्यांच्यावर थेट मालक असा कारभार असतो तिथलं हे आहे. मोठ्या आयटी कंपनीत एचआरची वेगळी पद्धत असते, तिथं हे सगळं जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

कानावर घालणं आणि अट घालणं, यात नेमका फरक काय? शेवटी अर्थ एकच की.

एकच नाही. "सर, मला ७ लाख २० हजारची ऑफर आहे, तेवढे द्या नाहीतर १५ तारखेला राजीनामा देतो" ह्या वाक्यात तीन गोष्टी एकत्र बांधल्यात, आकडा, तारीख आणि 'नाहीतर'. ह्या तिन्ही एका दमात आल्या की समोरच्याला दोनच रस्ते उरतात, हो म्हण नायतर जा म्हण. आणि साहेबांच्या हातात 'हो' नसतंच बहुतेक वेळा, पगाराचा अधिकार मालकांकडं, त्यामुळं त्यांना फक्त 'जा' म्हणता येतं, किंवा मग राग येतो.

कानावर घालणं म्हणजे ह्या तीन गोष्टी सुट्या करायच्या. आधी घडलेलं सांगायचं, मग आपण अजून काही ठरवलेलं नाही हे सांगायचं, आणि त्यांचं मत विचारायचं. आकडा त्यांनी विचारल्यावर. तारीख सांगायची पण ती कुणाची आहे ते स्पष्ट करून. आणि 'नाहीतर' हा शब्द घरी ठेवून यायचा.

अजून एक. खरंच ठरवलं नसेल तरच हे जमतं. मनात जायचं पक्कं केलंय आणि तोंडानं "सल्ला द्या सर" म्हणताय, तर ते चेहऱ्यावर दिसतं. तसं असेल तर सरळ राजीनामा द्या, त्यात काही वाईट नाही.

ऑफर अजून फोनवरचीच आहे, लेटर आलेलं नाही. सांगू का?

नको. फोनवर "तुमचं सिलेक्शन झालं, लेटर पाठवतो" म्हणणाऱ्या एचआरचं पुढं बजेट अडकतं, जागा गोठते, काहीही होतं. लेटर किंवा निदान पगाराचा तक्ता असलेला मेल हातात येऊ दे. इकडं बोलून बसलात आणि तिकडनं काहीच आलं नाही तर दोन्हीकडं लटकलात.

पण एक उलटी चूकपण होते, लेटर आल्या आल्या सही करून परत पाठवायचं आणि मग इथं विषय काढायचा. तसं करू नका. आधी तिकडच्या एचआरला साधा मेल टाका की घरच्यांशी बोलून कळवतो, आठवडाभर द्या. ५-७ दिवस बहुतेक देतात, मागितलं म्हणून कुणी ऑफर काढून घेतल्याचं मी तरी बघितलं नाही.

साहेबांकडं जायच्या आधी घरी काय हिशेब करायचा?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि खरं काम इथंच आहे. आमच्यातल्या एका पोराचं उदाहरण देतो, नाव नको, त्याला विचारूनच सांगतोय.

हा शिरोलीत क्वालिटी इंजिनिअर, सीटीसी ५ लाख ४० हजार, नोकरीला सव्वाचार वर्षं झालेली. चाकणहून ऑफर आली ७ लाख २० हजारची. म्हणजे कागदावर तेहतीस टक्के वाढ, गडी हवेतच. मी म्हटलं बस खाली, कागद घे.

आत्ताचे महिन्याला ४५,००० धरले, त्यातनं कंपनीचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे १,०८२ सीटीसीतच मोजलेले, ते गेले. मग त्याचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात येतात ४०,१०० च्या आसपास.

नव्या ऑफरमध्ये ७२,००० व्हेरिएबल, म्हणजे वर्षाच्या शेवटी कंपनीला वाटलं तर आणि जमलं तर. उरलेले ६ लाख ४८ हजार म्हणजे महिन्याला ५४,०००, त्यातनं तसंच सगळं वजा केलं की हातात साधारण ४८,९००. फरक आला ८,८०० चा.

आता त्याचं घर कळंब्याला, स्वतःचं, भाडं शून्य. तिकडं त्यानं चौकशी केलेल्या दोन खोल्यांचं भाडं ११,०००. महिन्यातनं दोनदा घरी यायचं झालं, अडीचशेच्या आसपास किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, तर २,००० धरा. वेगळी चूल मांडली की गॅस, किराणा, दूध, ते तीनेक हजारांनी वाढतंच. झाले १६,०००. म्हणजे ८,८०० जास्त मिळवायला १६,००० खर्च. व्हेरिएबल पूर्ण मिळालं असं धरून महिन्याला ६,००० त्यात टाकले तरी हजार-बाराशे रुपये अंगावरच.

आणि ग्रॅच्युइटी. कायम नोकरीत सलग ५ वर्षं भरायला त्याला नऊ महिने उरलेले. शेवटचा बेसिक २२,५०० धरला तर पंधरा भागिले सव्वीस, गुणिले ५ वर्षं, हे होतात जवळपास ६५,०००. आत्ता उठून गेला तर ते सोडून जायचे, आणि गंमत म्हणजे दर महिन्याला सीटीसीत ते पैसे 'तुला देतोय' म्हणून दाखवलेले होते.

हा हिशेब झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याला ७ लाख २० हजार इथं मागायचेच नाहीत. त्याला इथं थांबायला किती लागतं तो आकडा वेगळाच, महिन्याला ५,००० वाढ आणि दर तिसऱ्या आठवड्याची नाइट शिफ्ट बंद. बोलणं हलकं झालं ते ह्याच्यामुळं. "ऑफर मॅच करा" म्हटलं की ती आपोआप अट होते, आणि "मला राहायचंय, ह्या दोन गोष्टींचं काय करता येईल बघा" म्हटलं की ती विनंती होते.

ज्याचं घर इथं नाही, जो आधीच राजारामपुरीत भाड्यानं राहतोय, त्याचा हिशेब वेगळा येईल आणि कदाचित जाणंच बरोबर ठरेल. पण हिशेब करा.

कधी आणि कुठं बोलायचं?

डिस्पॅचच्या दिवशी नको. महिनाअखेरीला तर अजिबात नको. कस्टमर ऑडिट तोंडावर असेल तर थांबा, कारण त्या वेळी ऑफर काढली की साहेबांच्या डोक्यात एकच येतं, अडवून धरतोय. तुम्ही कितीही गोड बोला, वेळेनंच अट घातलेली असते.

रिजेक्शनवरनं झाडून घेतलेल्या दिवशीपण नको, तो राग वाटतो.

बरी वेळ म्हणजे सकाळची मीटिंग संपून लाइन सुरळीत चाललेली असते तेव्हा, किंवा संध्याकाळी साहेब गाडीकडं निघायच्या अर्धा तास आधी. केबिनचं दार बंद करून बसलात की तो आपोआप 'विषय' होतो आणि बाहेर काचेतनं चौघं बघत असतात. शॉपमधनं फिरताना, गेटबाहेर चहाला, तिथं बोला. पण एकटे असताना. टपरीवर शेजारच्या कंपनीचा माणूस उभा असतोच, त्याच्यासमोर काढलं की दुपारपर्यंत अख्ख्या एमआयडीसीत झालं.

वर्षात कधी म्हणाल तर अप्रेझलचे आकडे मालकांकडं सहीला जायच्या आधी. सही झाल्यावर साहेबांना इच्छा असली तरी परत फाइल उघडायला लावणं म्हणजे त्यांनाच मालकांची बोलणी खायला लावणं. अर्थात ऑफर आपल्या सोयीनं येत नाही, आली तेव्हा आली.

नेमकं काय बोलायचं? शब्दच सांगा.

आमचा गडी काय बोलला ते सांगतो, थोडं इकडंतिकडं असेल.

"सर, दोन मिनिटं आहेत काय, एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची होती."

"बोल की."

"चाकणच्या एका कंपनीचं लेटर आलंय मला. मी अजून काही कळवलेलं नाही त्यांना. दुसरीकडनं तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगावं म्हटलं."

साहेब थांबले, म्हणाले, "जायचं ठरवलंस?"

"नाही सर. खरं सांगायचं तर इथं राहायचंच मन आहे, घरपण इथं, कामपण आवडतंय. फक्त पगाराचा फरक बराच दिसतोय आणि नाइटचं घरी जरा अवघड व्हायला लागलंय. तुमचं काय मत आहे? इथं पुढं माझं काय होऊ शकतंय?"

बास. एवढंच. शेवटचा प्रश्न विचारून तो गप्प बसला, आणि हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, कारण शांतता झाली की माणूस घाबरून स्वतःच आकडा बोलून टाकतो किंवा "नाही म्हणजे तसं काही नाही सर" करून सगळं मागं घेतो. साहेबांना विचार करायला दहा सेकंद लागणार, लागू देत.

बघा त्यात काय नव्हतं. मार्केट रेट नव्हता, "माझ्याबरोबरच्यांना किती मिळतंय" नव्हतं, गेल्या दिवाळीचा बोनस नव्हता. तक्रारींची जुनी वही उघडली की ऑफर बाजूला राहते आणि भांडण सुरू होतं.

तारीख सांगायची का? तारीख सांगितली की धमकी वाटते ना?

लपवली तर जास्त वाईट. साहेब बिचारे "पुढच्या महिन्यात मालकांशी बोलतो" म्हणून निवांत राहतात आणि तुम्ही १५ तारखेला राजीनामा ठेवता, मग ते म्हणणार की आधी का नाही बोललास, आणि त्यांचं बरोबर असतं.

फक्त तारीख तुमची नाही, तिकडच्या कंपनीची आहे हे वाक्यातच यायला पाहिजे. "मला १५ पर्यंत उत्तर पाहिजे" असं नाही, "त्यांना १५ पर्यंत कळवायचंय, त्याच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हटलं" असं. आणि साहेबांना खरंच वेळ मिळेल एवढे दिवस ठेवा. आमच्या पोराला लेटर ३ तारखेला आलं, तिकडनं ८ पर्यंत उत्तर मागितलेलं, त्यानं आधी मेल टाकून १५ पर्यंत वाढवून घेतलं आणि ६ ला इथं बोलला. म्हणजे साहेबांना नऊ दिवस. १४ ला संध्याकाळी जाऊन बोलला असता तर तेच शब्द अट ठरले असते.

व्हॉट्सअपवर टाकलं तर? समोर बोलायला जमत नाही.

नको. लिहिलं की ते फॉरवर्ड होतं, आणि मालकांच्या फोनवर तुमच्या आवाजाशिवाय पोचतं. साहेबांनापण मग 'अधिकृत' उत्तर द्यावं लागतं. तोंडी बोलण्याचा फायदा हाच की ते मालकांकडं स्वतःच्या शब्दांत विषय काढू शकतात, "पोरगं चांगलंय, हलायला लागलंय, काहीतरी बघूया" असं. फार तर "उद्या दोन मिनिटं बोलायचं होतं सर" एवढा मेसेज करा.

आकडा विचारला तर? लेटर दाखव म्हणाले तर?

आकडा खरा सांगा. आणि सीटीसी आणि हातात येणारे असे दोन्ही सांगा, व्हेरिएबल वेगळं काढून. "७ लाख २० हजार आहे, पण त्यात ७२ हजार व्हेरिएबल आहे" असं आपणच म्हटलं की समोरच्याला कळतं हा फुगवून सांगत नाही.

लेटर मात्र हातात देऊ नका. बऱ्याच लेटरमध्ये पगाराची माहिती बाहेर द्यायची नाही असं कलम असतं, ते आधी वाचा. "तसं त्यांनी लिहिलंय सर, म्हणून दाखवत नाही, आकडा खरा आहे" हे उत्तर चालतं. साहेबांनी कागदच मागितला तर समजा विश्वासाचा प्रश्न पगाराच्या आधीपासूनच आहे.

"धमकी देतोयस काय?" असं म्हणाले तर?

होतं असं कधीकधी, विशेषतः आधीच्या महिन्यात दोघं सोडून गेले असतील तर. तेव्हा वाद घालू नका आणि माफीपण मागू नका. "नाही सर, धमकी द्यायची असती तर राजीनामाच घेऊन आलो असतो. ठरवायच्या आधी आलोय." एवढं म्हणून विषय थांबवा, कामाला लागा. दुसऱ्या दिवशी बहुतेक साहेब स्वतः हाक मारतात. नाही मारली तरी तुम्हाला जे सांगायचं ते पोचलंय.

आठवडा झाला, काहीच उत्तर नाही. परत विचारू का?

एकदा विचारा, तारखेच्या दोन दिवस आधी. "सर, परवा त्यांना कळवायचंय, आपलं काही बोलणं झालं काय वरती?" दुसऱ्यांदा नाही. गप्प राहणं हेपण उत्तर असतं, फक्त आपल्याला ते ऐकायचं नसतं.

मालक ओळखीचे आहेत, थेट त्यांच्याकडंच जाऊ का?

साहेबांना ओलांडून गेलात तर पाच हजार मिळतील कदाचित, पण रोज काम साहेबांच्या हाताखालीच करायचंय.

"जा की मग, ऑल द बेस्ट" म्हणाले. आता?

म्हणूनच म्हटलं आधी हिशेब करा. ह्या उत्तराला तयार नसाल तर तोंड उघडू नका. म्हणाले तर चेहरा पडू देऊ नका, "ठीक आहे सर, विचार करून सांगतो" म्हणा आणि खरंच विचार करा. ऑफर घ्यायलाच पाहिजे असं नाही. "हिशेब केला सर, थांबतोय" असं सांगून थांबलेले लोक मी बघितलेत, थोडे दिवस अवघडल्यासारखं होतं, मग सगळे कामात विसरतात. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा सुरुवातीला 'नाहीतर' म्हटलेलं नसतं. अट घालून थांबलेल्या माणसाचं पुढच्या अप्रेझलला कुणी मनावर घेत नाही.

"एप्रिलमध्ये बघतो तुझं" असं तोंडी आश्वासन दिलं. धरून चालू का?

साहेब खोटं बोलत नसतात बहुतेक, पण एप्रिलपर्यंत ऑर्डर कमी होते, साहेब बदलतात, मालकांचा मूड बदलतो. सुधारित पगाराचं पत्र, कुठल्या तारखेपासून ते लिहिलेलं, एवढं मागा. अट वाटू नये म्हणून असं म्हणता येतं, "त्यांना 'नाही' म्हणून कळवायचंय सर, त्याच्या आधी आपलं एक पत्र मिळालं तर मला घरीपण सांगायला बरं." आमच्या पोराला १३ तारखेला मिळालं, महिन्याला ४,५०० वाढ, पुढच्या १ तारखेपासून. नाइटचं मात्र पत्रात आलं नाही, तोंडी राहिलं, आणि ते बंद व्हायला अजून दोन महिने लागले कारण बदली माणूस मिळेना. जे लिहिलं ते वेळेवर झालं, जे बोलले ते रखडलं.

ऑफर नाहीच, नुसती पुडी सोडली तर?

एमआयडीसी केवढी आहे हो? क्वालिटीवाले, एचआरवाले सगळे एकमेकांना ओळखतात, एका सप्लायरच्या गाड्या सगळ्यांकडं जातात. एका फोनात कळतं. आणि न कळता पचलीच तर "घे मग ती" म्हटल्यावर काय घेणार?

खरी ऑफर असली तरी हा विषय एका कंपनीत एकदाच काढता येतो. दुसऱ्या वर्षी परत लेटर घेऊन गेलात तर साहेब मालकांकडं तुमच्यासाठी शब्द टाकणार नाहीत, बदली माणूस शोधायला लागतील, आणि मीपण तेच करीन.

इथं थांबायचं ठरलं. तिकडं काय सांगू?

त्याच दिवशी मेल, फोन आला तर उचला. "घरच्या कारणानं सध्या कोल्हापूर सोडणं जमत नाही, वेळ दिल्याबद्दल आभार" एवढं पुरे. इथं वाढ मिळाली म्हणून थांबतोय हे सांगायची गरज नाही. सही करून पाठवली असेल तर लेटरमधलं जॉइन न झाल्यास काय ते कलम वाचून मगच मेल करा. आणि फोन बंद करून गायब होऊ नका, तिकडचा तोच एचआर तीन वर्षांनी कागलच्या कंपनीत बसलेला असतो.